घोणस की अजगराचं पिल्लू? फोटोतला जाडजूड साप कसा ओळखावा



कोकणातले नातेवाईक आता मोबाइलवर रोज काही ना काही पाठवत असतात. लग्नं, बारशी, नवीन घरांचे फोटो असतात, आणि जून महिना लागला की त्यात साप येऊ लागतात. मी अलिबागकडच्या शाळेत बरीच वर्षं शास्त्र शिकवलं. सापांची आवड तेव्हापासूनची, म्हणून असे फोटो फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येतात. नाग किंवा धामण असेल तर कोणी विचारत नाही, त्या गावात सगळ्यांना कळतात. विचारतात ते एका प्रकारच्या सापाबद्दलच: अंगाने जाड, लांबीला कमी, अंगावर तपकिरी ठिपके, आणि जागचा न हलणारा.

असा साप आपल्या रायगड भागात बहुतेक चारांपैकी एक असतो. पहिला अजगर, म्हणजे त्याचं पिल्लू. दुसरी डुरक्या घोणस, जिच्या नावात घोणस आहे पण विष नाही. तिसरं मांडूळ, ज्याला आपण दुतोंड्या म्हणायचो. आणि चौथी खरी घोणस. पहिले तिघे बिनविषारी. चौथीच्या चाव्याने माणूस मरतो, किंवा मूत्रपिंडं गमावून बसतो.

यात चूक दोन्ही बाजूंनी होते. घोणस समजून गरीब डुरक्याला काठीने ठेचतात, हे तर नेहमीचंच. पण त्याहून वाईट म्हणजे "अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही" असं म्हणून कोणीतरी घोणस हातात उचलतो. घोणस सुस्त दिसते, पण चावताना तिच्याइतकी चपळ तीच. म्हणून फोटो बघताना पहिला प्रश्न "हा अजगर आहे का?" असा विचारू नये. "ही घोणस नाही, हे मला या फोटोवरून नक्की सांगता येतं का?" असा विचारावा.

लहानपणी शिकलेले नियम इथे का चालत नाहीत

आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेलं असतं की डोकं त्रिकोणी असेल तर साप विषारी. पण अजगराचं डोकंही मानेपासून वेगळं आणि भाल्याच्या पात्यासारखंच दिसतं. शिवाय बरेच बिनविषारी साप घाबरले की डोकं चपटं करून त्रिकोणी करतात. दुसरा नियम बाहुलीचा: मांजरासारखी उभी बाहुली म्हणजे विषारी. हाही इथे निकामी, कारण अजगर, मांडूळ, डुरक्या आणि घोणस या चौघांचीही बाहुली उभीच असते.

तिसरा नियम पुस्तकात असतो: डोक्यावर मोठ्या ढालीसारखे खवले असतील तर साप बिनविषारी, आणि बारीक खवले असतील तर विषारी. नाग आणि मण्यार यांच्या डोक्यावर मोठे खवले असतात आणि ते किती विषारी आहेत हे सांगायला नको. उलट डुरक्याच्या डोक्यावर अगदी घोणसेसारखे बारीक खवले असतात आणि ती निरुपद्रवी. म्हणजे हा नियम दोन्हीकडून फसवतो.

मग बघायचं काय? एका खुणेवर भरवसा ठेवायचा नाही. मान, अंगावरची नक्षी, खवले आणि शेपूट, हे सगळं एकमेकांशी जुळतं का ते बघायचं.

मान आणि डोकं

घोणसेची मान अंगापेक्षा स्पष्ट बारीक असते. डोकं रुंद, मग एकदम बारीक मान, मग जाड अंग. डोक्यावर दोन फिक्या रेषा तोंडाच्या टोकाशी मिळून इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दिसतात. नाकपुड्या इतक्या मोठ्या की जवळच्या फोटोत त्या लगेच नजरेत येतात.

डुरक्याला आणि मांडुळाला मान जवळजवळ नसतेच. डोकं संपून अंग कुठे सुरू झालं ते कळत नाही. डोळे इवलेसे असतात, कारण हे साप मातीत शिरून राहतात. मांडुळाच्या तोंडाचं टोक फावड्यासारखं चपटं आणि पुढे आलेलं असतं.

अजगराला मान असते, त्यामुळे घोलमाल होतो तो त्याच्यात आणि घोणसेत. अजगराच्या डोक्यावर एक तपकिरी बाण काढलेला असतो, कडेने फिका गुलाबीसर. आणि वरच्या ओठावर, अगदी पुढच्या बाजूला, बारीक खळगे असतात. त्या खळग्यांनी अजगराला अंधारात उंदराच्या अंगाची ऊब कळते. घोणसेला हे खळगे नसतात. समोरून काढलेल्या स्वच्छ फोटोत ते दिसले तर अजगर नक्की. दिसले नाहीत तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण बहुतेक फोटोत तेवढं बारीक दिसतच नाही.

नक्षी आणि खवले

घोणसेच्या अंगावर लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. एक पाठीच्या मध्यावर, एकेक दोन्ही कुशींवर. प्रत्येक ठिपका तपकिरी, त्याला काळी कड, आणि बहुधा त्या काळ्या कडेबाहेर बारीक पांढरी कड. साखळीचे दुवे ओळीत ठेवावेत तशी ही नक्षी दिसते. अजगराचे डाग असे आखीव नसतात. ते मोठे, वेडेवाकडे, फाटलेल्या कापडाचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तसे. डुरक्याचे डाग एकमेकांत मिसळून पाठीवर वेड्यावाकड्या पट्ट्यासारखे होतात. मांडूळ बहुतेक एकरंगी, लालसर किंवा तपकिरी. त्याच्या पिल्लांच्या शेपटीवर तेवढे काळे पट्टे असतात.

आता खवले. घोणसेच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध बारीक उभा कंगोरा असतो, भाताच्या साळीवर असतो तसा. त्यामुळे तिचं अंग खरखरीत आणि फोटोत निस्तेज दिसतं, उजेड त्यावरून परत येत नाही. अजगराचे खवले गुळगुळीत, त्यांच्यावर चकाकी येते. मांडूळही बरंचसं गुळगुळीतच. डुरक्याचे खवले मात्र खरखरीत असतात, आणि शेपटीकडे जावं तसे जास्तच.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. पावसात भिजलेली घोणसही चमकते, आणि मोबाइलचा फ्लॅश मारला की सगळंच चमकतं. उलट कात टाकायला आलेला अजगर निस्तेज दिसतो. त्या वेळी त्याचे डोळे निळसर धुरकट झालेले असतात, ती खूण बघावी.

शेपूट

शेपटीचा फोटो कोणी काढत नाही, पण मला तोच सगळ्यात उपयोगी पडतो. घोणसेची शेपूट आखूड पण बारीक. जाड अंग संपतं आणि एकदम निमुळती शेपूट लागते. अजगराची शेपूट हळूहळू निमुळती होत जाते. डुरक्याची अगदी आखूड आणि जाड, शंकूसारखी, खूप खरखरीत. मांडुळाची शेपूट निमुळती होतच नाही, तोडलेल्या दांडक्यासारखी बोथट संपते, म्हणून दोन तोंडांचा भास होतो.

एक फोटो सोडवून बघू

जुलै महिन्यात रेवदंड्याजवळच्या वाडीतून माझ्या भाच्याने तीन फोटो पाठवले. नारळाच्या सोडणांच्या ढिगाखाली साप निघाला होता. खाली लिहिलं होतं, "मामा, अजगराचं पिल्लू आहे ना? मुलं गोणीत भरून डोंगरात सोडतो म्हणतात."

मी आधी आकार बघितला. सापाशेजारी नारळाची करवंटी पडली होती. करवंटी साधारण चार इंच रुंद असते. वेटोळं तिच्यापेक्षा फार मोठं नव्हतं. उलगडला तर साप फूटभर भरेल, जास्त नाही. अजगराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हाच दीड-दोन फूट असतं. म्हणजे फूटभराचा अजगर असतच नाही! एवढ्यानेच अजगर बाद झाला. घोणसेची पिल्लं मात्र जन्मताना नऊ-दहा इंचांची असतात. डुरक्याचीही लहान असतात, तेव्हा अजून दोन नावं शिल्लक होती.

मग नक्षी. पाठीच्या मध्यावर ठिपक्यांची रांग, कुशीवर दुसरी रांग, ठिपके सुटे आणि काळ्या कडेचे. डुरक्याचे डाग एकमेकांत मिसळलेले असतात, हे तसे नव्हते. अंग ओलं होतं तरी चकाकी कमीच. डोकं अर्धं वेटोळ्याखाली होतं, पण जिथे दिसत होतं तिथे मान स्पष्ट बारीक होती. तिसऱ्या फोटोत शेपटीचं टोक बाहेर आलं होतं, बारीक आणि निमुळतं. चारही खुणा एकीकडेच बोट दाखवत होत्या.

मी लिहीत बसलो नाही, सरळ फोन लावला. "घोणसेचं पिल्लू आहे. गोणी खाली ठेवा, मुलांना मागे घ्या, एकाने लांबून नजर ठेवा आणि वन खात्याच्या १९२६ नंबरावर फोन करा." पिल्लू असलं तरी त्याला विषाचे दात जन्मापासून असतात. सर्पमित्र आला, त्याने आकड्याने साप बरणीत घेतला आणि घोणसच म्हणाला. भाच्याला मी आणखी एक सांगितलं होतं: घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, एका वेळी वीस-तीसही. एक सापडलं तर आसपास आणखी असणार, तेव्हा ढीग हाताने उपसू नका. दुसऱ्या दिवशी त्या सर्पमित्रासमोर लांब दांड्याच्या पंजाने ढीग पसरला, तर आणखी दोन निघाली.

आणि एक मेलेला साप

दुसरा फोटो त्याच भागातला, दिवाळीच्या सुमाराचा. शेजाऱ्यांनी "घोणस मारली" म्हणून काठीवर उलटी टाकलेली. पोट वर होतं, त्यामुळे एरवी न दिसणारी खूण समोर आली. घोणसेच्या पोटाखालच्या आडव्या पट्ट्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पूर्ण रुंदीच्या असतात. या सापाच्या पोटावर पट्ट्या होत्या पण अरुंद, मधल्या भागापुरत्या, आणि दोन्ही बाजूंना अंगाचे बारीक खवले पोटापर्यंत आले होते. ही खूण अजगर आणि मांडुळाच्या घराण्याची. शेपटीखालीही पट्ट्या एकेरी होत्या. घोणसेच्या शेपटीखाली त्या दोन-दोनच्या जोडीने असतात. त्यात मान नाही, डोळे इवले, शेपूट आखूड शंकूसारखी. ती डुरक्या होती, उंदीर खाऊन राहणारी. तिने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

शेपटीखालच्या पट्ट्यांवर एकट्यावर निर्णय करू नका. कोकणातल्या फुरशाच्या शेपटीखालीही पट्ट्या एकेरीच असतात आणि फुरसं विषारी आहे. पण फुरसं अंगाने सडपातळ, आणि त्याच्या पोटावरच्या पट्ट्या पूर्ण रुंदीच्या. आणि मेलेला साप उलटा करून बघायला हात लावू नका. मेल्यावरही काही वेळ घोणसेचं डोकं चावू शकतं.

मांडुळाचे फोटो

मांडुळाच्या फोटोबरोबर बहुधा एक कहाणी येते. सहा महिने एका तोंडाने चालतो, सहा महिने दुसऱ्या, गुप्तधन दाखवतो, वजनावर लाखोंनी विकला जातो. दोन तोंडं नाहीत. फोटो मोठा करून बघा. एका टोकाला डोळे, नाकपुड्या आणि तोंडाची चीर असते, दुसऱ्या टोकाला फक्त खवले. साप घाबरला की डोकं वेटोळ्यात लपवतो आणि शेपूट वर करतो, म्हणजे शत्रूने मारलं तर शेपटीवर मारावं. कधी शेपटीवर डोळ्यांसारखे डाग आणि चिरेसारखी खूण दिसते. ती गारुड्यांनी डाग देऊन किंवा कापून केलेली असते. खऱ्या डोळ्यात चमक असते, व्रणात नसते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने हा साप पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. नात्यातलं कोणी "स्वस्तात मिळतोय, पैसे पाठवा" म्हणालं तर पैसे पाठवू नका. पैसे तर बुडतातच, वर पोलिसांचं लफडं.

आणि इथे इस्राएलमध्ये

आपली नातवंडंही इथून फोटो दाखवतात, तेव्हा कोकणातली खूण इथे तशीच लावू नये. इथल्या रानात अजगर नाही. कोणी अजगराचा फोटो दाखवला तर तो कोणाचा तरी पाळीव, सुटलेला असेल.

मांडुळाचा एक भाऊबंद मात्र इथे आहे. वाळूत राहतो, सहसा हातभरच लांब, मान नाही, डोळे इवले, खवले गुळगुळीत, शेपूट बोथट. आणि घोणसेची सख्खी बहीण म्हणावी ती त्सेफा. शास्त्रज्ञ दोघींना एकाच कुळात घालतात. पण त्सेफाच्या पाठीवर तीन सुट्या रांगा नसतात. तिचे डाग जोडले जाऊन नागमोडी पट्टा होतो, म्हणजे जवळपास आपल्या डुरक्यासारखा! कोकणातल्या सवयीने नक्षी बघणारा इथे नेमका फसेल. म्हणून इथे नक्षी मागे ठेवावी आणि मान बघावी. त्सेफाचं डोकं रुंद आणि मान बारीक. नेगेवच्या वाळूत अंग पुरून बसणारे विषारी सापही आहेत. त्यांचे खवले खूप खरखरीत असतात आणि शेपूट बारीक, त्यावरून ते मांडुळाच्या भाऊबंदापासून वेगळे पडतात.

फोटो कसा मागावा

गावच्या मंडळींना सांगून ठेवा: जवळ जायचं नाही. दोन मीटर लांब उभं राहून मोबाइलमध्ये मोठं करून काढायचं, फ्लॅश बंद ठेवून. तीन फोटो पुरेत: वरून अख्खा साप, डोकं आणि मान, शेपूट. आसपास मापाची वस्तू असली तर चांगलं, पण ती ठेवायला पुढे जायचं नाही. साप हातात किंवा काठीवर धरून कॅमेऱ्यापुढे आणलेल्या फोटोवरून लांबीचा अंदाज करू नये. जवळची वस्तू मोठी दिसते आणि दोन फुटांचा साप सहा फुटांचा वाटतो.

तीन फोटोंपैकी मान किंवा शेपूट दिसत नसेल, किंवा एक खूण अजगराची आणि दुसरी घोणसेची वाटत असेल, तर माझं उत्तर ठरलेलं आहे: घोणस समजा. सर्पमित्र येईपर्यंत थांबायला फक्त वेळ लागतो. आणि कोणाला चावलाच असेल तर फोटोच्या उत्तराची वाट बघू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता ताबडतोब इस्पितळात न्या. कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. फोटो असेल तर डॉक्टरांना दाखवा. नसेल तरी ते रक्त तपासून आणि लक्षणं बघून औषध ठरवतात, म्हणून फोटोसाठी सापामागे जायची गरज नाही. इथे इस्राएलमध्ये चावा झाला तर १०१ला फोन करा.